डिझेलची शेड: ८० कोटींच्या पुस्तकी मूल्याची एक तपासणी

फेब्रुवारी २०१९ मधली एक एक्सेल शीट माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्याला त्याच्या इंजिनवाल्या ग्राहकाने पाठवलेलं ते पुढच्या मालाचं शेड्यूल होतं. डावीकडे पार्ट नंबर होते, वर महिने. एप्रिल २०१९ पासून मार्च २०२० पर्यंत प्रत्येक रकान्यात नग भरलेले होते आणि त्यापुढचे सगळे रकाने कोरे. शून्यही लिहिलेलं नव्हतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, म्हणून तिला इंड एएस ही लेखा मानकं लागू. आम्ही तिचे वैधानिक लेखापरीक्षक. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून खालचे आकडे बदलून सोपे केले आहेत. त्यांचं एकमेकांशी प्रमाण आणि झालेला वाद मात्र जसाच्या तसा आहे. सगळे आकडे कोटी रुपयांत.

या युनिटमध्ये दोन लाइन आहेत. एका शेडमध्ये ट्रॅक्टरचे पार्ट होतात आणि ते काम उत्तम चालतं. शेजारच्या प्लॉटवरच्या दुसऱ्या शेडमध्ये छोट्या डिझेल मोटारींच्या इंजिनांच्या सिलिंडर ब्लॉकचं मशीनिंग होतं. आपली गोष्ट या दुसऱ्या शेडची. ३१ मार्च २०१९ रोजी तिचं पुस्तकी मूल्य असं होतं: यंत्रं ६२, फिक्स्चर आणि टूलिंग ५, शेड आणि प्लॉटचे भाडेपट्टा हक्क ९, आणि २०१४ मध्ये हे युनिट विकत घेताना त्यातल्या मालमत्तांच्या किमतीहून जास्त मोजलेल्या रकमेतला, म्हणजे गुडविलमधला, या लाइनच्या वाट्याचा भाग ४. एकूण ८०.

इंड एएस ३६ विचारतं ते एवढंच: या ८० पैकी किती परत येणार? परत येण्याचे दोन मार्ग असतात. मालमत्ता वापरत राहून येणारी रोकड आजच्या मूल्यात मोजली की मिळतं वापरमूल्य. ती आज विकली तर येणाऱ्या रास्त किमतीतून विक्रीचा खर्च वजा केला की मिळतं दुसरं मूल्य. दोन्हींतलं जे जास्त, ती वसूलयोग्य रक्कम. कारण शहाणा मालक दोन्हींतला फायद्याचाच मार्ग धरणार. पुस्तकी मूल्य तिच्याहून जास्त असेल तर वरचा भाग नफा-तोट्यात तोटा म्हणून टाकायचा. यालाच आपण इम्पेअरमेंट म्हणतो. इंड एएस नसलेल्या कंपन्यांना एएस २८ लागू होतं. तिथे दुसऱ्या मार्गाला निव्वळ विक्री किंमत म्हणतात, बाकी सांगाडा तोच.

पहिला वाद: मोजायचं नेमकं काय?

कंपनीच्या फायनान्स हेडनी पहिली टिप्पणी दिली ती दोन पानांची. संपूर्ण युनिट एक धरलेलं, ट्रॅक्टर आणि डिझेल एकत्र. निष्कर्ष: भरपूर वाव आहे, तोटा नाही. ट्रॅक्टरच्या नफ्याच्या पोटात डिझेलची शेड सहज मावत होती.

"मॅडम, युनिट एकच आहे. प्लांट हेड एक, विजेचं कनेक्शन एक, कॅन्टीन एक. वेगळं कसं काढणार?" असं ते म्हणाले.

हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याचा राग येत नाही. चूक एकाच ठिकाणी असते. रोकड निर्माण करणारं एकक, म्हणजे आपण ज्याला सीजीयू म्हणतो ते, खर्चावरून ठरत नाही, आवकेवरून ठरतं. इतर मालमत्तांच्या आवकेपासून बहुतांशी स्वतंत्र आवक ज्यातून होते असा सर्वांत लहान गट शोधायचा. ट्रॅक्टरच्या ग्राहकाने ऑर्डर वाढवली म्हणून डिझेलचा एकही ब्लॉक जास्त विकला जात नव्हता. ग्राहक वेगळे, दर वेगळे, करार वेगळे. कॅन्टीन एक असल्याने आवक एक होत नाही. शेअर केलेल्या खर्चाचा योग्य वाटा लाइनच्या खर्चात धरला की झालं. डिझेलची लाइन हा स्वतंत्र सीजीयू, हे त्यांनी तिसऱ्या बैठकीत मान्य केलं.

दुसरा मुद्दा तारखेचा निघाला. देशातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने एप्रिल २०१९ च्या अखेरीस जाहीर केलं की १ एप्रिल २०२० पासून ती डिझेल गाड्या विकणार नाही. फायनान्स हेडचं म्हणणं होतं की ही ताळेबंदाच्या तारखेनंतरची घटना आहे, या वर्षात धरायची नाही. घोषणा नंतरची, हे खरं. पण गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू होणार हे सरकारने २०१६ मध्येच सांगितलं होतं, आणि छोट्या डिझेल इंजिनाला त्या निकषात बसवणं महाग पडतं हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या कंपनीच्या स्वतःच्या ग्राहकाचे कोरे रकाने फेब्रुवारीतच मेलबॉक्समध्ये आले होते. एप्रिलच्या घोषणेने मार्चअखेर असलेल्या परिस्थितीवर फक्त शिक्कामोर्तब केलं. शिवाय या एककात गुडविल असल्याने लक्षण दिसो न दिसो, चाचणी दर वर्षी करावीच लागते. त्यामुळे तो वाद लवकर मिटला.

८८.२ ते ५३

मग आली वापरमूल्याची शीट. फक्त डिझेल लाइनची, पाच वर्षांची. उत्तर ८८.२. म्हणजे ८० च्या वर, तोटा शून्य. शीट नीटनेटकी होती आणि बेरजा अचूक होत्या. माझ्या अनुभवात इम्पेअरमेंटची शीट बेरजेत चुकत नाही, ती चुकते ओळींच्या निवडीत.

दुसऱ्या वर्षापासून एक ओळ होती: "पेट्रोल ब्लॉक". १८ कोटी खर्चून याच यंत्रांवर नवी फिक्स्चर बसवायची, ॲल्युमिनियमच्या पेट्रोल ब्लॉकचं काम आणायचं, आणि लाइन पुन्हा भरून टाकायची. बेत म्हणून चांगलाच होता. पण वापरमूल्य मोजायचं ते मालमत्ता आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत. तिची क्षमता किंवा कामगिरी सुधारणारा खर्च अजून झालेला नसेल, तर तो खर्चही धरायचा नाही आणि त्यातून येणारी कमाईही नाही. सध्याचं काम चालू ठेवायला लागणारी देखभाल मात्र धरायची. १८ कोटींपैकी एक रुपयाही गेलेला नव्हता, ग्राहकाचं ऑर्डर लेटरही हातात नव्हतं. ही ओळ काढल्यावर २५.६ गेले आणि उत्तर ६२.६ वर आलं. उरलेलं बाकीचं सगळं भांडण या एका ओळीपुढे किरकोळच होतं.

पाचव्या वर्षाच्या शेवटी ९ कोटींचं खेळतं भांडवल मोकळं झाल्याची आवक होती. स्टॉक विकला, उधारी वसूल झाली, वगैरे. पण ८० च्या पुस्तकी मूल्यात खेळतं भांडवल धरलेलंच नव्हतं. एका बाजूला नसलेली वस्तू दुसऱ्या बाजूने वसूल होऊ शकत नाही. दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडून काढा. त्यांनी काढलं. ५.३ कमी होऊन राहिले ५७.३.

शेवटचा दुरुस्तीचा मुद्दा दराचा. रोकड करापूर्वीची, आणि ती आजच्या मूल्यात आणायचा दर ११ टक्के. तो ११ टक्के आला होता भांडवलाच्या सरासरी खर्चातून, म्हणजे करानंतरचा. करापूर्वीच्या प्रवाहाला करानंतरचा दर लावला की उत्तर फुगतं. इथे आमच्या एका सहकाऱ्याने ११ ला ०.६५ ने भागून जवळपास १७ टक्के काढले आणि तोच दर लावू म्हणाला. तेही बरोबर नाही. कर दर वर्षी सपाट ३५ टक्क्यांनी जात नाही. आयकरातला घसारा आधीच्या वर्षांत जास्त मिळतो, त्यामुळे कर पुढे ढकलला जातो. नीट पद्धत अशी: करानंतरचे प्रवाह करानंतरच्या दराने आजच्या मूल्यात आणायचे, आणि करापूर्वीच्या प्रवाहांना कोणता दर लावला तर तेच उत्तर येतं ते उलट शोधायचं. तो दर आला १४ टक्के. एक्सेलमध्ये गोल सीक वापरलं की दोन मिनिटांचं काम आहे.

दुरुस्त शीट अशी दिसली:

| वर्ष | रोकड | १४ टक्क्यांनी आजचं मूल्य |
|---|---|---|
| २०१९-२० | २१ | १८.४ |
| २०२०-२१ | १० | ७.७ |
| २०२१-२२ | ९ | ६.१ |
| २०२२-२३ | ८ | ४.७ |
| २०२३-२४ | ७ + २४ | १६.१ |
| एकूण | | ५३.० |

पहिल्या वर्षानंतर आकडा निम्म्यावर येतो, तो मुख्य ग्राहक गेल्यामुळे. उरतो तो छोट्या मालवाहू गाड्यांच्या इंजिनाचा एक ग्राहक आणि जुन्या इंजिनांचे बदली ब्लॉक. शेवटचे २४ म्हणजे आयुष्य संपल्यावर शेड, प्लॉट आणि वापरलेल्या यंत्रांच्या विक्रीतून निव्वळ येणारी रक्कम. व्याज आणि आयकर यांपैकी काहीही या प्रवाहांतून वजा केलेलं नाही. व्याज वजा केलं तर भांडवलाची किंमत दोनदा मोजली जाते, एकदा प्रवाहात आणि पुन्हा दरात.

विकायला काढली तर

आता दुसरा मार्ग. कंपनीने नेमलेल्या व्हॅल्युअरच्या पहिल्या अहवालात यंत्रं ५१ कोटींची होती. पद्धत बघितली: नव्या यंत्राची आजची किंमत, त्यातून वयाच्या हिशेबाने घट. याला बाजाराचा पुरावा म्हणता येत नाही. आम्ही त्यांना सांगितलं की जुन्या यंत्रांचा व्यवहार करणाऱ्या डीलर्सचे दर आणा, आणि शेडमध्ये एकदा बरोबर या.

शेडमध्ये गेल्यावर फरक डोळ्यांनी दिसतो. एका रांगेत २२ हॉरिझाँटल मशीनिंग सेंटर. ही सर्वसाधारण यंत्रं आहेत: फिक्स्चर बदललं, प्रोग्राम बदलला की उद्या पंपाची बॉडीसुद्धा करतील. त्यांना गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या रांगेत ९ एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बनवून घेतलेली यंत्रं. चार सिलिंडरची भोकं एका वेळी ठराविक अंतरावर बोअर करणारं यंत्र दुसऱ्या कुणाच्या काय कामाचं? एका डीलरने त्यावर हात ठेवून सरळ किलोचा भाव विचारला. पहिल्या अहवालात मात्र दोन्ही रांगांना एकाच सूत्राने किंमत लावलेली होती.

नव्या अहवालात २२ मशीनिंग सेंटर सरासरी १.७५ प्रमाणे ३८.५, नऊ एसपीएम मिळून ३.५, म्हणजे यंत्रं ४२. फिक्स्चर भंगाराच्या दराने ०.५. शेड आणि प्लॉटचे हक्क १७, कारण २०१४ पासून त्या भागातले दर चांगलेच वाढले होते. एकूण ५९.५. ही घाईत विकून मोकळं होण्याची किंमत नव्हे. नीट वेळ घेऊन, माहितगार खरेदीदाराशी होणाऱ्या व्यवहाराची किंमत.

विक्रीचा खर्च: यंत्रं सोडवणं आणि लोडिंग १.२, दलाली १, एमआयडीसीचे हस्तांतरण शुल्क ०.८. एकूण ३. आमच्याकडे सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या आर्टिकलने इथे आणखी २.४ कोटी वजा केले होते, कामगारांच्या नुकसानभरपाईचे. मुलगा हुशार आहे, विचारही स्वाभाविक आहे: लाइन विकली तर माणसं कमी करावी लागतील. पण मानकात स्पष्ट आहे की कामगार कपातीची देणी आणि विक्रीनंतर धंद्याची फेररचना करण्याचा खर्च हे विक्रीचे थेट खर्च नाहीत. ते २.४ परत आले. निव्वळ मूल्य ५६.५.

फायनान्स हेडनी इथे एक चांगला डाव टाकला, त्याचं श्रेय द्यायला हवं. "वापरमूल्यात पेट्रोलचा बेत चालत नाही, मान्य. पण रास्त मूल्य बाजाराच्या नजरेतून ठरतं ना? खरेदीदार तर रूपांतर करणारच." तत्त्व बरोबर आहे. खरेदीदार जी सुधारणा करेल ती रास्त मूल्यात येऊ शकते, वापरमूल्यात नाही. दोन मूल्यांमधला हा खरा फरक आहे. पण मग खरेदीदार १८ कोटींचा खर्चही वजा करेल, आणि त्याच्याकडेही पेट्रोल ब्लॉकची ऑर्डर नाही. शिवाय डीलर्सनी मशीनिंग सेंटरना १.७५ दिले ते ती दुसऱ्या कामाला वळवता येतात म्हणूनच. तो फायदा किमतीत आधीच आलेला होता. वर पुन्हा धरला तर दोनदा.

तर वापरमूल्य ५३, विक्रीचं निव्वळ मूल्य ५६.५. जास्त ते घ्यायचं: ५६.५. पुस्तकी मूल्य ८०. तोटा २३.५.

दरावरून दोन आठवडे चाललेल्या वादाचं काय झालं ते इथे कळतं. १४ ऐवजी १२ टक्के धरले तरी वापरमूल्य ५५.८, म्हणजे ५६.५ च्या खालीच. दर साडेअकरापर्यंत खाली आणल्याशिवाय निकाल हलत नव्हता. या प्रकरणात तोटा ठरवला तो जुन्या मशीनिंग सेंटरच्या भावाने. आधी दुसरा मार्ग मोजला असता तर बरेच मेल वाचले असते, आणि हे मी आमच्या टीमलाही सांगितलं.

"मग आता विकायला हवी का?" असं संचालक मंडळात एकाने विचारलं. नाही. मानक फक्त मोजतं, विकायला लावत नाही. मुख्य ग्राहकाला मार्च २०२० पर्यंत माल द्यायचा होता, आणि पेट्रोलची आशा मालकांनी सोडलेली नव्हती. तो त्यांचा निर्णय.

तोटा कुणाच्या अंगावर

२३.५ आधी गुडविलवर: ४ पूर्ण गेले. उरलेले १९.५ बाकीच्या मालमत्तांवर पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात. कंपनीच्या मसुद्यात शेडवरही वाटा टाकला होता. पण कोणतीही मालमत्ता तिच्या स्वतःच्या निव्वळ विक्रीमूल्याच्या खाली उतरवता येत नाही, आणि शेडचं ते मूल्य १७ वजा ०.८, म्हणजे १६.२, पुस्तकात मात्र ९. तिला हात लावायचा नाही. वाढवायचीही नाही, कारण कंपनी मूळ खरेदी खर्चाच्या पद्धतीने हिशेब ठेवते, बाजारभावाने नाही. म्हणून १९.५ फक्त यंत्रं आणि फिक्स्चरवर, ६२ ला ५ या प्रमाणात: यंत्रांवर १८.०४, फिक्स्चरवर १.४६. यंत्रं राहिली ४३.९६. त्यांचं स्वतःचं निव्वळ विक्रीमूल्य ३९.८, तेव्हा मर्यादा ओलांडलेली नाही. फिक्स्चर ३.५४, शेड ९, बेरीज ५६.५.

मला यात एक गोष्ट खटकत राहिली, नियमाप्रमाणे सगळं बरोबर असूनही. प्लॉटचा न नोंदलेला ७ च्या आसपासचा फायदा सीजीयूच्या वसूलयोग्य रकमेत शिरतो आणि यंत्रांचा तोटा तेवढा झाकतो. जागा महाग झाली म्हणून एसपीएम कमी भंगार होत नाही. एकक एकत्र मोजायचं ठरलं की हे आलंच. निदान टिपणीत वसूलयोग्य रक्कम कशाच्या आधारे आली हे स्पष्ट लिहा, असा आग्रह आम्ही धरला आणि तो मान्य झाला.

आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. यंत्रांचं उरलेलं आयुष्य पुस्तकात अकरा वर्षं होतं. शीट म्हणते पाच. घसाऱ्याचा तक्ता त्याच दिवशी बदलायला हवा, नाहीतर चाचणी आणि घसारा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. आयकरात घसारा ज्या मालमत्तांच्या गटावर मोजतात त्यावर या तोट्याचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून १९.५ वर सुमारे ६.८ कोटींचा स्थगित कर नोंदला गेला.

मार्च २०२१ पर्यंत पेट्रोलची ऑर्डर आली, १८ कोटी खर्च झाले, नवी फिक्स्चर बसली आणि वसूलयोग्य रक्कम पुस्तकी मूल्याच्या बरीच वर गेली. फायनान्स हेडनी यंत्रांचे १८.०४ परत घ्यायचं पत्रक तयार ठेवलं होतं. परत घेता येतं, पण तोटा कधी लिहिलाच नसता तर आज जे पुस्तकी मूल्य असतं तिथपर्यंतच. नव्या पाच वर्षांच्या आयुष्याने आणि आयुष्यअखेर उरणाऱ्या ८ कोटींच्या अवशिष्ट मूल्याने ६२ चे दोन वर्षांत झाले असते ४०.४. तोटा लिहिल्यामुळे पुस्तकात होते २९.६. म्हणजे परत आले १०.८. बाकीचं दरम्यान कमी पडलेल्या घसाऱ्यातून आधीच आलेलं होतं, हे त्यांना दोन रकाने शेजारी ठेवून दाखवावं लागलं.

"आणि गुडविलचे चार?"

ते परत येत नाहीत, कधीच.